पेन्शनच्या दाव्यासाठी जुन्या कंपनीकडे सेवा प्रमाणपत्र आणि अंशदानाचा पुरावा कसा मागावा

कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खाली पेन्शनचा दावा केला आणि भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाने 'अमुक वर्षाचा फॉर्म ३-ए जोडावा' असा शेरा मारून तो परत पाठवला, की बहुतेकांना पहिल्यांदाच कळते की पंधरा-वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीचा उंबरठा पुन्हा झिजवावा लागणार आहे. अशा वेळी घाईघाईने जे पत्र लिहिले जाते त्यात सहसा एकच वाक्य असते: 'मी आपल्याकडे नोकरीस होतो, तरी मला सेवा प्रमाणपत्र मिळावे.' कंपनीही त्याला साजेसे उत्तर देते. श्री. अमुक हे आमच्याकडे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत होते, त्यांची वर्तणूक चांगली होती, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा. हा कागद नव्या नोकरीसाठी चालेल, पेन्शनसाठी त्याचा उपयोग फार थोडा.

मी बरीच वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आणि अशी पत्रे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचली. त्यामुळे पत्रात नेमके काय मागितले म्हणजे कारकुनाला फाईल उघडावीच लागते आणि काय मागितले म्हणजे तो दोन ओळींत वाटेला लावतो, हे थोडेफार ठाऊक आहे. खालची पद्धत त्या अनुभवावर बेतलेली असून ती खासगी कंपनीत काम केलेल्या आणि 'पेन्शन १९९५'चे सभासद असलेल्या माणसासाठी आहे. सरकारी नोकरीची रीत वेगळी असते.

सेवेचा पुरावा वेगळा, अंशदानाचा वेगळा

आधी हा फरक नीट ध्यानात घ्यावा. सेवा प्रमाणपत्र एवढेच सांगते की माणूस त्या काळात कामावर होता. पेन्शन मात्र ज्या सेवेसाठी पेन्शन निधीत अंशदान जमा झाले किंवा जमा होणे आवश्यक होते, त्या सेवेवर मोजली जाते. पगारातून आपला जो भाग कापला जातो तो सगळा भविष्यनिर्वाह निधीत जातो. पेन्शनचा भाग मालकाच्या वाट्यातून निघतो. मालक जे १२ टक्के भरतो त्यांतील ८.३३ टक्के पेन्शन निधीत आणि उरलेले ३.६७ टक्के भविष्यनिर्वाह निधीत जातात. हे ८.३३ टक्के अमर्याद पगारावर नसतात. त्यासाठी धरायच्या पगाराची मर्यादा योजना सुरू झाल्यापासून मे २००१ अखेर ५,००० रुपये, जून २००१ पासून ऑगस्ट २०१४ अखेर ६,५०० रुपये आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये अशी आहे. त्यामुळे 'माझा पीएफ कापला जात होता' हे पगारपत्रकावरून सिद्ध झाले तरी पेन्शनचा वाटा भरला गेला की नाही हे त्यावरून थेट दिसत नाही.

तो दिसतो फॉर्म ३-ए मध्ये. एका सभासदाचे एका वर्षाचे हे पत्रक. त्यात महिनावार ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत पगार, कामगाराचा वाटा, मालकाच्या वाट्यातला भविष्यनिर्वाह निधीचा भाग, पेन्शन निधीचा भाग, अंशदान नसलेले दिवस आणि शेरा असे रकाने असतात. सर्व सभासदांची वार्षिक बेरीज एकत्र दाखवणारे पत्रक म्हणजे फॉर्म ६-ए. २०१२ पासून कंपन्या दरमहा ऑनलाइन विवरण भरू लागल्या, ज्याला सगळे 'ईसीआर' म्हणतात. त्यानंतरच्या काळाची अडचण कमी येते. खरी मारामार असते ती त्याआधीच्या कागदी वर्षांची.

पहिली पायरी: नेमके काय गहाळ आहे ते आधी शोधावे

पत्र लिहायला बसण्यापूर्वी एक दिवस यासाठी द्यावा. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदांसाठीच्या पोर्टलवर `View` खाली `Service History` उघडून कोणत्या कंपनीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख काय नोंदली आहे ते कागदावर उतरवून घ्यावे. पासबुकात पेन्शन अंशदानाचा वेगळा रकाना असतो. त्यात कोणते महिने कोरे आहेत तेही पाहावे. प्रत्येक सभासदाला नोकरी बदलली तरी एकच कायम क्रमांक देणारी यूएएन ही पद्धत २०१४ साली आली, त्यामुळे त्याआधी सोडलेल्या नोकरीचे खाते तिथे मुळीच न दिसणे शक्य आहे. अशा वेळी घरातली जुनी पत्र्याची पेटी काढावी. नेमणूकपत्र, पगारपत्रके, कामगार विम्याचे ओळखपत्र आणि मुख्य म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची वार्षिक पावती, जिला आपण 'पीएफची स्लिप' म्हणायचो, यांतले जे सापडेल ते बाजूला काढावे.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. एक लेथ ऑपरेटर २ जून १९९७ ते ३० नोव्हेंबर २००० या काळात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात होता. मग गावी जाऊन त्याने वेल्डिंगचे दुकान चालवले आणि १ जुलै २०११ ते ३१ जानेवारी २०१८ या काळात रांजणगावला दुसऱ्या कंपनीत नोकरी केली. पहिली सेवा साडेतीन वर्षांची, दुसरी सहा वर्षे सात महिन्यांची. एकूण दहा वर्षे आणि सुमारे एक महिना. मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, म्हणजे हा गृहस्थ जेमतेम का होईना, पात्र आहे. मधल्या दहा वर्षांच्या खंडाने काही बिघडत नाही, कारण त्याने पहिल्या नोकरीची पेन्शनची रक्कम काढून घेतली नव्हती.

आता त्याच्या स्लिपा पाहा. १९९७-९८, १९९८-९९ आणि २०००-०१ या तिन्हींवर वर्षभरातली जमा दिसते. १९९९-२००० च्या स्लिपवर मात्र सुरुवातीची शिल्लक आहे, तिच्यावरचे व्याज आहे आणि त्या वर्षाच्या जमेच्या जागी शून्य आहे. त्या वर्षाचा फॉर्म ३-ए कार्यालयात पोहोचला नाही किंवा पोहोचूनही खात्यावर चढवला गेला नाही, याची ही ओळखीची खूण. हे बारा महिने वजा केले की सेवा उरते नऊ वर्षे एक महिना. सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो आणि त्याहून कमी असलेला सोडून दिला जातो, म्हणून ही सेवा नऊच वर्षे ठरते आणि पेन्शन हातची जाते. म्हणजे या माणसाला 'साडेतीन वर्षांचे सेवा प्रमाणपत्र' नको आहे. त्याला त्या एका वर्षाचा पुरावा हवा आहे आणि सोबत दोन तारखा पक्क्या करून हव्या आहेत. पत्र त्याभोवतीच लिहायचे.

इथे एक सावधगिरी. 'नऊच वर्षे भरतात, तर फॉर्म १०-सी भरून पैसे काढून घ्या' असा सल्ला देणारे कोणी ना कोणी भेटतेच. पुराव्याचा शोध चालू असताना हे करू नये. १०-सी वर पेन्शनची रक्कम काढून घेतली की ती सेवा संपली. नंतर हरवलेले वर्ष सापडूनही उपयोग होत नाही.

दुसरी पायरी: पत्र कोणाला पाठवायचे

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्या फाटकातून आपण आत जात होतो ती कंपनी आपली मालक होतीच असे नाही. ठेकेदारामार्फत काम केलेल्यांचे अंशदान बहुधा ठेकेदाराच्या कोडखाली भरलेले असते आणि मोठ्या कंपनीच्या नोंदीत त्यांचे नावही नसते. स्लिपवर किंवा जुन्या पगारपत्रकावर जो पीएफ खाते क्रमांक असतो, त्याच्या मधल्या आकड्यांत आस्थापनेचा कोड असतो. तो कोड ज्याचा, पत्र त्याला. ठेकेदार असेल तर मूळ कंपनीला प्रत द्यावी, कारण ठेकेदाराची बिले मंजूर करताना चलनांच्या प्रती तिच्याकडे जमा झालेल्या असू शकतात.

कंपनीचे नाव बदलले असेल, भागीदारीची खासगी मर्यादित झाली असेल किंवा कारखाना भोसरीहून चाकणला गेला असेल, तर भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर `Establishment Search` मध्ये कोड किंवा नाव घालून सध्याचा पत्ता आणि संबंधित कार्यालय पाहता येते. कंपनी नोंदणीकृत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणीकृत पत्ता मिळतो. पत्र कारखान्याच्या आणि नोंदणीकृत अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवावे. कारखान्याच्या पत्त्यावर जुना कारकून भेटण्याची शक्यता असते, तर नोंदणीकृत पत्त्यावर गेलेले पत्र मिळालेच नाही असे म्हणणे कंपनीला अवघड जाते.

काही मोठ्या कंपन्यांचा भविष्यनिर्वाह निधीचा स्वतःचा ट्रस्ट असतो. 'तुमचे सगळे ट्रस्टकडे आहे, पीएफ ऑफिसचा संबंध नाही' असे उत्तर आले तर ते अर्धेच खरे असते. ट्रस्ट असला तरी पेन्शनचा वाटा सर्वसाधारणपणे संघटनेच्या पेन्शन निधीतच भरावा लागतो. त्यामुळे अशा कंपनीकडे पेन्शन अंशदानाचे विवरण स्वतंत्रपणे, त्या शब्दांत मागावे.

तिसरी पायरी: पत्राचा मजकूर

पत्र एका पानात बसावे. आपण किती कष्ट केले, साहेब किती चांगले होते आणि आता घरची परिस्थिती कशी आहे हे लिहिण्याचा मोह होतो. ते सारे खरेही असते, पण त्यामुळे मागणी दुसऱ्या पानावर जाते आणि दुसरे पान पुष्कळदा वाचलेच जात नाही. वाचणाऱ्याला फाईल शोधायला जे लागते ते सर्वांत वर द्यावे: तेव्हाचे नाव, तिकीट क्रमांक किंवा टोकन क्रमांक, विभाग, पीएफ खाते क्रमांक, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख. जुन्या कारखान्यांत फाइली नावाने नव्हे, टोकन क्रमांकाने लावलेल्या असतात. ज्याला आपला टोकन क्रमांक आठवतो त्याचे काम अर्धे झाले असे मी नेहमी सांगतो.

आपल्या लेथ ऑपरेटरचे पत्र असे होईल. चौकोनी कंसातल्या जागा आपापल्या माहितीने भराव्यात.

> दिनांक: [ ]
>
> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ / भविष्यनिर्वाह निधी विभाग,
> [कंपनीचे सध्याचे नाव व पत्ता]
> [पूर्वीचे नाव वेगळे असल्यास तेही]
>
> विषय: कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खालील दाव्यासाठी सेवा प्रमाणपत्र व १९९९-२००० या वर्षाचा फॉर्म ३-ए मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी आपल्या भोसरी येथील कारखान्यात मशीन शॉप विभागात लेथ ऑपरेटर म्हणून दिनांक २ जून १९९७ ते ३० नोव्हेंबर २००० या काळात नोकरीस होतो. माझा टोकन क्रमांक [ ] आणि भविष्यनिर्वाह निधी खाते क्रमांक [ ] असा होता. आपल्या नोंदीत माझे नाव [ ] असे असून जन्मतारीख [ ] आहे.
>
> मी वयाची ५८ वर्षे पूर्ण केली असून पेन्शनसाठी केलेला माझा दावा भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाने दिनांक [ ] रोजी, १९९९-२००० या वर्षाचा फॉर्म ३-ए नसल्याच्या कारणावरून परत पाठवला आहे. त्या वर्षीच्या वार्षिक पावतीवर माझ्या खात्यात अंशदान जमा दिसत नाही. तरी मला पुढील कागदपत्रे द्यावीत, ही विनंती.
>
> १. कंपनीच्या लेटरहेडवर सेवा प्रमाणपत्र, ज्यात रुजू होण्याची तारीख, सोडण्याची तारीख, सोडण्याचे कारण, पद, भविष्यनिर्वाह निधी खाते क्रमांक आणि अंशदान नसलेले दिवस (असल्यास महिन्यानुसार, नसल्यास 'निरंक') नमूद असावेत.
>
> २. १९९९-२००० या वर्षाच्या माझ्या फॉर्म ३-ए ची साक्षांकित प्रत. मूळ फॉर्म उपलब्ध नसल्यास पगार नोंदवहीवरून तयार करून, अधिकृत स्वाक्षरी व शिक्क्यासह द्यावा.
>
> ३. त्याच वर्षाच्या फॉर्म ६-ए मधील माझे नाव असलेल्या पानाची प्रत आणि त्या वर्षी भरलेल्या पेन्शन निधीच्या चलनांच्या प्रती.
>
> वरीलपैकी एखादे कागदपत्र उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे मला ते भविष्यनिर्वाह निधी कार्यालयापुढे मांडता येईल. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर मिळावे, ही विनंती. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे.
>
> आपला विश्वासू,
> [सही, पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक]
>
> सोबत: नेमणूकपत्राची प्रत, १९९८-९९, १९९९-२००० व २०००-०१ च्या वार्षिक पावत्यांच्या प्रती, दावा परत आल्याच्या पत्राची प्रत.

या मजकुरातल्या काही गोष्टी हेतुपुरस्सर आहेत. 'मूळ उपलब्ध नसल्यास पगार नोंदवहीवरून तयार करून' हे शब्द नसले तर 'फॉर्म सापडत नाही' एवढे सांगून कंपनी मोकळी होते. 'उपलब्ध नसल्यास लेखी कळवावे' या वाक्याचेही तसेच. नकाराचा कागदसुद्धा पुढे उपयोगी पडतो, कारण त्याच्या आधारे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाला स्वतःच्या दप्तरात शोध घ्यायला सांगता येते. आणि अंशदान नसलेल्या दिवसांबद्दल आपणच विचारणे काहींना अंगावर ओढवून घेतल्यासारखे वाटते, पण प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख नसला की कार्यालय ते पुन्हा मागवते आणि आणखी महिना-दीड महिना जातो. बिनपगारी रजा, टाळेबंदी किंवा संपाचे दिवस असतील तर ते सेवेतून वजा होतातच. ते पत्रात लपवून काही साधत नाही.

नावाचे स्पेलिंग सांभाळावे. मराठीत पत्र लिहिले तरी पीएफच्या नोंदीत इंग्रजीत जसे नाव आहे तसे ते एकदा त्या लिपीत लिहून द्यावे, कारण दत्तात्रय हे नाव निदान तीन प्रकारे लिहिले जाते आणि प्रमाणपत्रावर चौथाच प्रकार आला तर संयुक्त घोषणापत्र भरून दुरुस्ती करण्याचे नवे काम निघते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी नोकरीच्या वेळचे आणि आताचे अशी दोन्ही नावे लिहून विवाह नोंदणी दाखल्याची किंवा राजपत्राची प्रत जोडावी. कंपनीचे मुख्य कार्यालय महाराष्ट्राबाहेर असेल तर हेच पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवावे. तिथे भाषेचा आग्रह धरून आपलेच काम लांबते.

मूळ कागद कोणतेही पाठवू नयेत. आधार कार्डाची प्रतही मागितल्याखेरीज जोडू नये.

चौथी पायरी: पत्र पोहोचवणे

शक्य असेल तर स्वतः जाऊन द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. फाटकावरचा सुरक्षारक्षक 'ठेवून जा' म्हणाला तर नुसते ठेवून येऊ नये, त्याच्याच आवक वहीत नोंद करवून तिचा क्रमांक आपल्या प्रतीवर लिहून घ्यावा. टपालाने पाठवायचे असेल तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवावे. जुने 'रजिस्टर एडी' २०२५ साली स्पीड पोस्टमध्येच विलीन झाले आहे, त्यामुळे खिडकीवर त्या नावाने मागणी करून गोंधळ होतो. पावतीवरच्या क्रमांकाने पत्र पोहोचल्याची नोंद टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. तिची छापील प्रत लगेच काढून ठेवावी. सोबत कंपनीच्या ईमेलवर तेच पत्र पाठवावे.

पाचवी पायरी: आलेले उत्तर तपासणे

कागद हातात आला म्हणजे काम झाले असे समजून लोक थेट कार्यालय गाठतात. त्याआधी घरी बसून अर्धा तास तो वाचावा.

फॉर्म ३-ए मध्ये आधी महिने पाहावेत. १९९९-२००० च्या फॉर्ममध्ये पहिली ओळ मार्च १९९९ च्या पगाराची असते, कारण त्याचे अंशदान एप्रिलमध्ये भरले जाते, आणि शेवटची ओळ फेब्रुवारी २००० ची. मार्च २००० नाही म्हणून घाबरू नये. तो पुढच्या वर्षाच्या फॉर्ममध्ये असतो. मग कोणतीही एक ओळ घेऊन हिशेब करावा. समजा पगार ३,२०० रुपये आहे. कामगाराचा वाटा १२ टक्क्यांनी ३८४ रुपये, पेन्शन निधीचा ८.३३ टक्क्यांनी २६७ रुपये आणि मालकाच्या वाट्यातले उरलेले ११७ रुपये. २६७ आणि ११७ यांची बेरीज ३८४ येते, म्हणजे ओळ बरोबर आहे. पेन्शनचा रकाना कोरा ठेवून सगळे ३८४ रुपये भविष्यनिर्वाह निधीच्या रकान्यात दाखवले असतील तर फॉर्म चुकीचा भरला आहे आणि तो पेन्शनसाठी तसाच स्वीकारला जाणार नाही. पगार त्या वेळच्या ५,००० च्या मर्यादेहून जास्त असेल तर पेन्शनच्या रकान्यात सहसा दरमहा ४१७ रुपयेच दिसतील. ती चूक नव्हे.

त्यानंतर सही. सही त्या अधिकाऱ्याची हवी, ज्याच्या सहीचा नमुना कंपनीने भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात दिलेला असतो. खात्यातल्या ओळखीच्या सुपरवायझरने आपुलकीने केलेली सही इथे चालत नाही. प्रत्येक पानावर शिक्का, लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख, एवढे असले की पुरे. शेवटी प्रमाणपत्रातल्या तारखा आणि पोर्टलवरच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. कंपनी काही वेळा प्रशिक्षणार्थी म्हणून घालवलेला काळही सेवेत धरते. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखालच्या त्या काळात अंशदान नसते, म्हणून प्रमाणपत्रात १९९६ आणि पोर्टलवर १९९७ असा फरक पडतो. अशा वेळी 'भविष्यनिर्वाह निधीचे सभासदत्व अमुक तारखेपासून' अशी वेगळी ओळ कंपनीकडून प्रमाणपत्रात घालून घ्यावी.

उत्तर आले नाही, किंवा कंपनीच उरली नाही तर

पंधरा दिवस वाट पाहून पहिल्या पत्राची तारीख आणि टपालाचा क्रमांक देत एक स्मरणपत्र पाठवावे. आणखी पंधरा दिवस गेले की संघटनेच्या `epfigms.gov.in` या तक्रार संकेतस्थळावर, ज्या कार्यालयाच्या हद्दीत तो कोड येतो त्या कार्यालयाकडे तक्रार नोंदवून दोन्ही पत्रे आणि पोहोचल्याचे पुरावे जोडावेत. तक्रारीतही 'पेन्शन मिळत नाही' असे मोघम न लिहिता 'अमुक कोडच्या आस्थापनेकडून १९९९-२००० चा फॉर्म ३-ए मिळवून खात्यावर चढवावा' असे लिहावे. ज्यांना समोरासमोर बोलणे सोयीचे वाटते त्यांनी दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात कागद घेऊन जावे.

एक रस्ता बऱ्याच जणांना सुचत नाही. खासगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पण भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाला आहे. कंपनीने तेव्हा पाठवलेला फॉर्म ६-ए कार्यालयाच्या दप्तरात असू शकतो. १० रुपये शुल्काचा अर्ज करून 'आस्थापना कोड अमुक, वर्ष १९९९-२०००, फॉर्म ६-ए मधील खाते क्रमांक अमुक असलेल्या पानाची प्रमाणित प्रत' मागावी. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. आमच्या लेथ ऑपरेटरसारख्या प्रकरणात पुष्कळदा असे निघते की कंपनीने पैसे वेळेवर भरले होते, फॉर्मही पाठवला होता, पण तो चुकून दुसऱ्याच खाते क्रमांकावर चढला. एक आकडा चुकला की वर्ष गायब. ६-ए चे पान हाती आले की ही चूक दोन मिनिटांत दिसते.

कंपनी बंद पडून अवसायनात गेली असेल तर पत्र अवसायकाला आणि दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असेल तर नेमलेल्या व्यावसायिकाला लिहावे. दप्तर त्यांच्या ताब्यात असते. मालक सापडतच नसेल तर स्वतःकडचे नेमणूकपत्र, पगारपत्रके, स्लिपा, विम्याचे कार्ड आणि ज्या बँक पासबुकात पगार जमा झाला त्याची पाने एका अर्जासोबत कार्यालयाला द्यावीत आणि जुन्या नोंदी तपासण्याची मागणी करावी. अंशदान 'येणे असलेली' सेवाही योजनेच्या व्याख्येत बसते, त्यामुळे मालकाने कापलेले किंवा भरायचे पैसे भरलेच नाहीत अशी शंका असेल तर ती अर्जात स्पष्ट लिहावी. त्यावर चौकशी करून वसुली करणे हे कार्यालयाचे काम आहे. मात्र तो मार्ग लांबचा आहे आणि तिथे पगारपत्रकावरची पीएफ कपातीची ओळ हाच सर्वांत जड पुरावा ठरतो.

कागद मिळाल्यावर परत आलेला पेन्शनच्या दाव्याचा फॉर्म १०-डी पुन्हा दाखल करताना सोबत एक अर्ज जोडून त्यात परतीच्या पत्राचा क्रमांक, कोणती त्रुटी होती आणि ती कोणत्या कागदाने भरून काढली आहे हे लिहावे. १९९७ चे खाते यूएएनला जोडलेले नसेल तर फॉर्म १३ भरून त्या खात्याची बदली आधी पूर्ण करून घ्यावी, नाहीतर सिद्ध झालेली सेवाही एकत्र धरली जात नाही. आणि कंपनीने दिलेले मूळ प्रमाणपत्र खिडकीवर देताना त्याच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.